साहेबांचं एक पान

साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की ते एक पान वाचतात. दुसरं पान आलं तर ते फाईलला लागतं आणि फाईल कपाटात जाते. त्यात गुर्मी नव्हती. बेळगावात त्यांच्याकडे तीन तालुक्यांचं काम होतं, दिवसातला निम्मा वेळ गाडीत जायचा. माझं पान ते छापून घ्यायचे, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि आठवडाभर खिशातच वागवायचे. शुक्रवारपर्यंत त्याच्या घड्या फाटायला यायच्या म्हणे. हे मला टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलं, आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं. माझं काहीतरी कुणाच्या तरी खिशात आठवडाभर राहतंय, एवढंच.

मी रामनगरला पशुखाद्याच्या गोदामात बसायचे. गोदाम मोठं, ऑफिस म्हणजे त्याच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि सगळ्यावर पेंडीचा भुगा. हमाल माल उतरवायला यायचे तेव्हा गलका असायचा, बाकी वेळ मी आणि उंदीर. रोज एक डबा खायचा, आणि डबा खाताना समोर पोत्यांची थप्पी. जोयडा तालुक्यात पाच काउंटरं आमच्याकडून माल उचलायची: रामनगर, जोयडा, गणेशगुडी, कॅसलरॉक, आणि कॅसलरॉकच्या वाटेवरून आत जंगलात गेल्यावर लागणारं एक लहान गाव. त्या शेवटच्या काउंटरला सगळेजण 'अक्कांचं' म्हणायचे, कारण एक बाई आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात ते चालवायच्या.

नोकरी लागली तेव्हा मी मोठ्या हौसेने सात शीटांची फाईल केली होती. काउंटरनिहाय, मालनिहाय, महिनानिहाय, गोल तक्ते, उभे तक्ते. बेळगावच्या आधीच्या नोकरीत शिकलेलं सगळं त्यात ओतलं होतं. पंधरा दिवसांनी कळलं की साहेबांनी फोनवर फक्त पहिलं शीट उघडलं होतं, आणि पहिल्या शीटवर मी अनुक्रमणिका ठेवली होती. म्हणजे दोन आठवडे त्यांनी माझी अनुक्रमणिका वाचली. मला राग आला तो त्यांचा नाही, माझाच. मग बसून सगळं मोडलं.

नवीन फाईलमध्ये दोनच शीटं उरली. एक 'नोंद': तारीख, काउंटर, किती पोती गेली. रोजच्या प्रत्येक काउंटरची एक ओळ, जास्त काही नाही. दुसरं 'पान', आडव्या ए-फोर कागदावर नेमकं बसणारं. छापायचा भाग ठरवून टाकलेला, की एक ओळ वाढली तरी दुसऱ्या कागदावर सांडू नये. वर आठवडा सुरू होण्याची तारीख टाकायची, म्हणजे सोमवार. ती बदलली की बाकी सगळं आपोआप बदलायचं. खाली पाच काउंटरांच्या पाच ओळी, सोमवार ते शनिवार सहा रकाने, ते आकडे नोंदीतून जसेच्या तसे उचलून आणलेले. शेवटी तीन रकाने: आठवड्याची एकूण पोती, मागच्या आठवड्याची एकूण पोती आणि दिवसाची सरासरी. तळाला मागच्या आठ आठवड्यांचा लहानसा उभा तक्ता. संपलं.

साहेबांची नजर कुठे जायची, तर सरासरीवर. नियम त्यांचाच होता. दिवसाला पाच पोत्यांच्या खाली सरासरी गेली की टेम्पो पाठवणं परवडत नाही. म्हणून तो रकाना पाचाखाली गेला की आपोआप लाल व्हायचा, नाहीतर हिरवा. लागोपाठ तीन आठवडे लाल दिसलं की त्या काउंटरचा माल थांबायचा. एकूण पोत्यांवर नियम नव्हता, कारण कॅसलरॉकचं काउंटर आठवड्यातून चारच दिवस उघडं असायचं. त्याची एकूण कमी भरणारच. तिथल्या बंद दिवशी मी नोंदीत आकडा न टाकता 'बंद' हा शब्द टाकायचे. सरासरीचं सूत्र शब्दाला मोजतच नाही, आकडे असलेल्या दिवसांनीच भागतं. चार दिवस उघडं तर चारांनी भागणार. रिकामा रकाना ठेवला तरी तसंच झालं असतं, पण रिकाम्या रकान्यावरून साहेब एकदा चिडले होते. रिकामं म्हणजे काय, विक्री नाही, की काउंटर बंद, की तुम्ही लिहायचं विसरलात? त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर माझ्या पानावर एकही रकाना मी रिकामा सोडला नाही.

पानाच्या उजव्या कडेला मी आधी 'शेरा' म्हणून एक रकाना ठेवला होता. पाऊस, रस्ता खचला, वीज नाही, असं काहीबाही मी त्यात लिहायचे. त्यामुळे अक्षर बारीक करावं लागे. साहेब म्हणाले, हे काढा, नाहीतर चष्मा बदलावा लागेल. मी शेरे उचलून तिसऱ्या नव्या शीटवर टाकले आणि त्याला 'तपशील' नाव दिलं. ते शीट छापायचं कारणच नव्हतं. माझ्याशिवाय ते कुणी उघडलं नाही, तरी मी ते मनापासून लिहायचे. कुणी वाचत नसलेलं लिहिण्यात एक मोकळेपणा असतो. गणेशगुडीला पर्यटकांच्या गर्दीमुळे टेम्पो अडकला, असं लिहिताना त्यात मी तिथल्या माकडांबद्दलही दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत.

चार काउंटरांचे आकडे मोबाईलवर मेसेजने यायचे. अक्कांचा मात्र फोन यायचा, शनिवारी दुपारी दोनच्या आसपास. त्यांच्या गावात घरात रेंज नव्हती, टेकाडावरच्या देवळापाशी मिळायची. फोन लागला की आधी नुसता वारा ऐकू यायचा, मग धाप लागलेला आवाज. त्या वही उघडून सोमवारपासून वाचायच्या. सोमवारी सा, मंगळवारी पाच. मी टाइप करायचे. हे दोन मिनिटांत संपायचं. मग मी विचारायचे, काय म्हणतंय गाव? आणि त्या सांगायच्या. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या भातात रानडुकरं शिरली, रेल्वेच्या कुठल्या गाडीला थांबा मिळणार म्हणून लोक कसे आशेवर आहेत. कधी दहा मिनिटं, कधी वीस.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सबंध आठवड्यात माझ्याशी असं कुणी बोलत नव्हतं. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आईवडील गेले, भाऊ पुण्याला, लग्न जमलं नाही आणि मग जमवायची हौसही उरली नाही. रामनगरला भाड्याची खोली होती, घरमालकीण चांगली होती, पण तिचं बोलणं नळाच्या वेळेपुरतं. शनिवारी दोन वाजेपर्यंत मी बाकीचं पान पूर्ण करून ठेवायचे, म्हणजे अक्कांशी बोलताना घाई नको. त्यांच्या ओळीचे सहा रकाने तेवढे राहिलेले. अक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. तरी मला वाटायचं की या माणसाशी माझं काहीतरी आहे.

त्या वर्षी होळीनंतरच्या एका शनिवारी अक्कांनी आकडे सांगितले. सोमवारी सहा. मंगळवार आला तेव्हा म्हणाल्या, मंगळवारी काय न्हाई. बुधवारी सहा, गुरुवारी पाच, शुक्रवारी काय न्हाई, शनिवारी सात. मी मंगळवारी शून्य टाकलं, शुक्रवारी शून्य टाकलं. सरासरी चारवर आली आणि रकाना लाल झाला. मला वाईट वाटलं, पण एखादा आठवडा जातो असा, म्हणून पान पाठवून दिलं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा मंगळवार नाही, शुक्रवार नाही. तेव्हा मी विचारलं, अक्का, दोन-दोन दिवस एक पोतंही जात नाही असं कसं? त्यावर त्या हसल्या. गावात वार चालू होते ना.

आता मला हे विचारावं लागलं याचीच मला लाज वाटली पाहिजे होती. आमच्या भागात देवीची जत्रा असली की आधी पाच आठवडे मंगळवार-शुक्रवारचे वार पाळतात. पाळणुकीच्या दिवशी औत धरत नाहीत, गिरणी चालू करत नाहीत, तराजूला हात लावत नाहीत. विकणं नाही, घेणं नाही. लहानपणी मी हे सगळं केलेलं होतं. आई त्या दिवशी जात्यापाशी फिरकू द्यायची नाही. ज्या बाईने वाराच्या दिवशी तराजू उचलला तिचं गावात काय होतं, हे मला सांगायची कुणाला गरज नव्हती. म्हणजे अक्कांचं काउंटर त्या दिवशी बंदच होतं. गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, दारच उघडलं नव्हतं.

मग मी शून्याच्या जागी 'बंद' का लिहिलं नाही? इथेच माझी अक्कल गहाण पडली. कॅसलरॉकचा बंद कंपनीने ठरवून दिलेला होता. अक्कांना कंपनीने सहा दिवस दिले होते. कामाच्या दिवशी त्यांच्या नावापुढे 'बंद' दिसला तर साहेब म्हणणार, बाईने मनानेच काउंटर बंद ठेवलं. शून्य लिहिलं तर कुणाचा दोष नाही, बाजार मंद, एवढंच. मला वाटलं शून्य सौम्य आहे. अक्कांना सांभाळून घेण्यासाठी मी ते शून्य ठेवलं, आणि खरं कारण 'तपशील' शीटवर व्यवस्थित लिहिलं: गावात पाच आठवडे मंगळवार-शुक्रवार वार पाळणूक, काउंटर उघडत नाही. त्याखाली माझ्या लहानपणीच्या जात्याबद्दलही एक ओळ लिहिली. मनाला समाधान वाटलं, की आपण खरं लिहून ठेवलंय.

सरासरीचं सूत्र मात्र माझ्या मनाला विचारत नाही. शब्द असता तर चारांनी भागलं असतं. शून्य हा आकडा आहे, म्हणून ते सहांनी भागत राहिलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच ते सूत्र बसवलं होतं, कॅसलरॉकसाठी मीच ते जपत होते. पण कॅसलरॉकचं मी काम म्हणून बघत होते आणि अक्कांचं माया म्हणून. मायेच्या भरात मी आकडा तपासलाच नाही. दुसरा आठवडा लाल. तिसराही लाल.

तिसऱ्या शनिवारी मी अक्कांशी पंचवीस मिनिटं बोलले. जत्रेसाठी घर कसं रंगवायला काढलंय, मुंबईकडचे लोक कधी येणार, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मीही येईन जत्रेला. त्या म्हणाल्या, ये की. मी ते दोन शब्द रविवारभर मनात घोळवत राहिले.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. तीन लाल झाले, आता अक्कांकडे माल पाठवू नका, बुधवारचा टेम्पो सरळ कॅसलरॉकला जाऊ दे. मी म्हटलं, साहेब, तपशिलात मी लिहिलंय. ते म्हणाले, पानावर काय आहे? मी म्हटलं, लाल आहे. मग झालं तर, म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले नव्हते. त्यांच्यासाठी तो सोमवारचा तिसरा-चौथा फोन असेल.

मी काहीच केलं नाही. हेही लिहायला पाहिजे. चार दिवस मी स्वतःला सांगत राहिले की नियम साहेबांचा, पान साहेबांनी मागितलेलं, मी कारण लिहून ठेवलेलं. बुधवारी टेम्पो भरला, त्यात अक्कांची पोती नव्हती. ड्रायव्हरने विचारलं, आत जायचं न्हाई व्हय? मी मान हलवली. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

शनिवारी दोनला फोन आला. वारा, मग आवाज. या खेपेला त्यांनी आधी वही उघडली नाही. बुधवारी टेम्पो आला नाही, सोप्यात चार पोती उरलीत, जत्रेला पाहुणे येणार, लोकांनी गुरंढोरं काय खायला घालायची, असं विचारत होत्या. सासूच्या काळापासून गावातलं कुणी खाद्यासाठी बाहेर गेलं नव्हतं, सगळे त्यांच्याच दारात यायचे. आणि त्या काउंटरवरच त्यांचं घर चालत होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला माहीत होतं. मग म्हणाल्या, "बाई, माझं काय चुकलं गं?"

बघते म्हणाले. त्या दिवशी गावाबद्दल काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आकडे तेवढे घेतले, कारण आकडे घ्यायचे असतात.

फोन ठेवून मी नोंदीचं शीट उघडलं. पहिल्या लाल आठवड्याच्या मंगळवारचं शून्य खोडून तिथे 'बंद' लिहिलं. शुक्रवारचं खोडलं, 'बंद' लिहिलं. पानावर गेले. चार होतं तिथे सहा झालं होतं आणि रकाना हिरवा होता. दुसऱ्या आठवड्याची दोन शून्यं. तीन दशांश आठ होतं, ते पाच दशांश आठ झालं. तिसऱ्याची दोन. तीन दशांश सात होतं, ते साडेपाच झालं. तिन्ही हिरवे. वार सुरू होण्याआधी त्यांची सरासरी साडेपाच असायची. म्हणजे अक्कांचं काउंटर उघड्या दिवशी नेहमीइतकंच चालत होतं, उलट कणभर जास्तच. सहा शून्यं खोडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी तशीच हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पोत्यांच्या थप्पीकडे बघत मी रडले, आणि मग स्वतःचाच राग आला, कारण रडून टेम्पो जात नाही.

साहेबांना फोन लावला. उचलला नाही. शनिवारी दुपारी ते कुणाचाच उचलत नसत. मेसेज टाकला असता तर तो शंभर मेसेजांत गेला असता. त्यांच्यापर्यंत खात्रीने पोचणारी एकच गोष्ट माझ्या हातात होती, ती म्हणजे पान, आणि त्यावर मी आकड्यांपलीकडे काही लिहीत नव्हते. मी तळाचा आठ आठवड्यांचा तक्ता काढून टाकला. त्या जागी लहानशी तीन ओळींची चौकट केली. तीन आठवडे, आधी छापलेली सरासरी, खरी सरासरी. वर, पानाच्या अगदी डोक्यावर, सगळ्यात ठळक अक्षरात लिहिलं: अक्कांच्या काउंटरची मागील तीन आठवड्यांची सरासरी चुकीची छापली गेली. पाळणुकीमुळे बंद असलेले दोन दिवस मी शून्य म्हणून धरले. एकूण पोती कमी झाली ती दोन दिवस कमी असल्यामुळे. चूक माझी आहे, काउंटरची नाही. मग छापून बघितलं. एका पानात बसलं.

दोन वर्षांत त्या पानावर मी माझं नाव कधी टाकलं नव्हतं, 'मी' हा शब्दही नव्हता. नोकरीवर गदा येईल की काय, अशी भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी होती की साहेब वाचतील आणि काहीच करणार नाहीत, आणि मग पुढच्या शनिवारी दोनला फोन आलाच तर मी काय सांगणार.

सोमवारी नऊ वाजता त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "म्हणजे मी चुकीच्या आकड्यावर एका बाईचं काउंटर बंद केलं?"

मी म्हटलं, "होय. आणि तो आकडा मी दिला."

गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, हे वार म्हणजे नेमकं काय, दरवर्षी असतं का, आणखी कुठल्या काउंटरला असतं का. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मूळचे ते बिदरकडचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना आधीच सांगितलं असतं तर त्यांनी आधीच ऐकलं असतं, हे मला त्या फोनवर कळलं. त्यांना पान एक हवं होतं. खोटं हवं होतं असं ते कधी म्हणाले नव्हते.

बुधवारी माल पाठवा, म्हणाले. आणि इथून पुढे फोनवर तोंडी आकडे घ्यायचे नाहीत. प्रत्येक काउंटरला छापील चिठ्ठी द्यायची. दिवसापुढे पोत्यांचा आकडा, नाहीतर तीनपैकी एक खूण: उघडं पण विक्री नाही, बंद, कळलं नाही. चिठ्ठी काउंटरवाल्याने सही करून शनिवारच्या टेम्पोतून पाठवायची, तो दुपारी बाराच्या आत गोदामात परत येतो. नोंदीतही तेवढेच पर्याय ठेवायचे, यादीतून निवडायचे, हाताने काहीबाही लिहिता येऊ नये. मी म्हटलं, हो साहेब. हे मलाच आधी सुचायला हवं होतं. पुन्हा एकदा माझ्या कामात त्यांनी काही शिकवलं आणि ते बरोबर होतं. चिठ्ठी मी त्याच दुपारी तयार केली. चांगली झाली होती. ती प्रिंटरमधून बाहेर येत असताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं की आता अक्कांनी शनिवारी फोन करायचं कारण उरणार नाही.

बुधवारी मी रजा टाकली आणि टेम्पोतून आत गेले. सांगायला कारण होतं, चिठ्ठी कशी भरायची ते दाखवायचं. खरं कारण मला माहीत होतं. रस्ताभर मी ड्रायव्हरशेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि काय बोलायचं ते जुळवत होते. आधी माफी मागायची. मग चिठ्ठी दाखवायची. मग म्हणायचं, अक्का, चिठ्ठी पाठवा, पण शनिवारी फोन मात्र करत जा. एवढं साधं वाक्य, पण ते काही केल्या बसेना. नोकरीच्या माणसाने म्हटल्यासारखं वाटे, नाहीतर भिकेसारखं.

गावात सगळीकडे चुन्याचा वास होता. अक्कांचं घर अर्धं रंगवून झालं होतं. दारात एक ठेंगणी, स्थूल बाई उंबऱ्याला हात धरून हळूहळू पायरी उतरली. मी मनात उंच, काटक बाई धरून चालले होते, टेकाडावर तुरुतुरु चढणारी. त्यांनी माझ्याकडे गिऱ्हाईकाकडे बघावं तसं बघितलं. मी 'अक्का' म्हटलं, आणि आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. तोंडभर हसल्या. "हीच व्हय ती आमची शनवारची बाई," म्हणून ड्रायव्हरला सांगितलं, आणि मला कसं सांगू काय वाटलं ते.

चहा झाला. हमालाने पोती सोप्यात लावली. मी खालमानेने सगळं सांगितलं, शून्य, बंद, लाल, तीन आठवडे. माझ्यामुळे झालं, म्हटलं. अक्का ऐकत होत्या, मध्येच पोती मोजत होत्या. त्यांना सूत्र समजलं की नाही कोण जाणे, पण बाकीचं समजलं. "चुकलं तर चुकलं. माल आला न्हवं?" एवढं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. माझा मात्र शनिवारपासून संपत नव्हता.

मग मी चिठ्ठी दाखवली. हा दिवस, इथे आकडा, दार उघडलं नाही तर इथे खूण, खाली सही, शनिवारी सकाळी तोवरचा आकडा टाकून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. अक्कांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"म्हंजे आता फोन करायचा न्हाई?"

"नाही. म्हणजे, करायलाच पाहिजे असं नाही."

अक्कांनी डोळे मिटून हात जोडले, अगदी देवाला जोडावेत तसे. "लई बरं झालं गं बाई. दोन वर्सं गुडघं हातात धरून त्या टेकाडावर चढत हुते. चढताना एकदा बसायचं, उतरताना दोनदा. शनवार आला की आदल्या दिसापासनं गुडघ्याला तेल चोळत बसायचं. तू येवढं इचारायचीस, मग फोन ठिवायचा तरी कसा?"

त्या हसत होत्या. मनापासून, सुटल्यासारख्या. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, हे मला नंतर कितीदा तरी वाटलं आहे. त्यांनी ते मला कौतुकानेच सांगितलं होतं. मीही हसले. टेम्पोत जुळवलेलं वाक्य गिळून टाकलं आणि म्हटलं, "व्हय अक्का, बरं झालं."

निघताना त्यांनी पिशवीभर फणसाचे पापड दिले आणि जत्रेला यायला बजावलं. मी येते म्हटलं. गेले नाही.

त्या शनिवारी टेम्पो बाराच्या आत परतला. अक्कांची चिठ्ठी नीट भरलेली होती. मंगळवारी बंदवर खूण, शुक्रवारी बंदवर खूण, बाकी चार दिवसांचे आकडे, खाली वळणदार सही. मी यादीतून निवडून नोंद केली. रकाना हिरवा. शेरे लिहायला तपशिलाचं शीट उघडलं, पण अक्कांच्या गावाबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. साहेबांचं पान एक वाजायच्या आत तयार झालं. एवढ्या लवकर ते कधीच झालं नव्हतं.